पहिला रिपोर्ट नॉर्मल, दुसऱ्यात रक्त उलटं

*डॉक्टरसाहेब, बार्शीत माझं किराणा दुकान आहे. वय 52. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत काउंटरमागे उभा असतो. उजव्या पोटरीवर शिरांचे गुंते उठलेत, संध्याकाळी पाय जड होतो, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडलीय आणि खाजते. मागे पाय सुजला तेव्हा झोपवून डॉपलर केला, तो नॉर्मल आला. आता दुसरीकडे उभं करून केला, तर लिहिलंय: उजवीकडे एसएफजे इनकॉम्पिटन्ट, जीएसव्ही 7.8 मिमी, रिफ्लक्स 3.2 सेकंद, पोटरीत एक परफोरेटर 3 मिमी. डावीकडे जीएसव्हीत रिफ्लक्स 0.3 सेकंद. डीप व्हेन्स दोन्हीकडे ठीक. तिथले लोक म्हणतात, दोन्ही पायांचं लेझर एकदमच उरकून टाका. रक्त उलटं वाहतं म्हणजे नक्की काय? कोणता रिपोर्ट खरा? दुकान मुलाकडे देऊन घरी बसू का? बीपीला अॅम्लोडिपिन चालू आहे, आणि तंबाखूची सवय आहे.*

*— एक किराणा दुकानदार*

नमस्कार,

डॉपलर म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, आणि तुमचे दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. फक्त दोन्ही वेळी तपासणाऱ्याने शोधलेली गोष्ट वेगळी होती.

पाय सुजला की डॉक्टरांना पहिली धास्ती असते ती खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी तर नाही ना, याची. ती शोधायला माणसाला झोपवतात आणि जांघेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत, पुढे पोटरीतही, प्रोबने शीर जागोजागी दाबून बघतात. दाबल्यावर शीर पूर्ण चपटी झाली तर आत गुठळी नाही. तुमच्या पहिल्या कागदावर ‘नो डीव्हीटी’ असं काहीतरी लिहिलेलं असेल, बघा. म्हणजे गुठळी नव्हती, आणि ती नव्हती हे कळणं गरजेचंही होतं. पण रक्त कोणत्या दिशेनं जातं, हे त्या दिवशी कुणी नीट मोजलं नसणार. आणि झोपलेल्या माणसात ते मोजायला गेलं तरी सापडेलच असं नाही. का, ते सांगतो.

पायातलं रक्त वर हृदयाकडे जायचं ते चढावर. त्याला ढकलणारी ताकद मुख्यतः पोटरीच्या स्नायूंची. चालताना पोटरी आवळते, तेव्हा आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. पोटरी सैल पडते तेव्हा तेच रक्त खाली यायला बघतं, आणि शिरेत जागोजागी असलेल्या झडपा मिटून त्याला अडवतात. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळका असला तर मोटार चालू असेपर्यंत काहीच कळत नाही, पाणी वर येतच असतं. मोटार बंद केली की पाइपातलं पाणी सरसर खाली उतरतं, तेव्हा कळतं. पायाचंही तसंच आहे. झडप गळते का, हे पोटरी आवळताना दिसत नाही, ती सोडल्यानंतर दिसतं. आणि रक्त खाली उतरायला मुळात उंची हवी. माणूस आडवा असला की ती उंचीच नसते, म्हणून नादुरुस्त झडपसुद्धा कधीकधी शहाण्यासारखी वागते.

दुसऱ्या ठिकाणी तुम्हाला उभं करून, बहुधा दुसऱ्या पायावर भार द्यायला लावून, जांघेत प्रोब ठेवला असेल आणि पोटरी हाताने दाबून एकदम सोडली असेल. ‘पोटात जोर धरा, कुंथा’ असंही सांगितलं असेल. हीच योग्य पद्धत. पोटरी दाबली की रक्त वर जाताना पडद्यावर एक रंग उमटतो. सोडल्यावर झडप धड असेल तर रंग विझतो, नसेल तर दुसरा रंग भरून येतो. लाल-निळ्या रंगांनी घाबरू नका. त्यांचा शुद्ध-अशुद्ध रक्ताशी काही संबंध नाही. प्रोबच्या दिशेनं येणारं रक्त एका रंगात आणि दूर जाणारं दुसऱ्या रंगात दाखवायचं, एवढंच मशीनला माहीत असतं, आणि कोणता रंग कुठल्या दिशेला हे एक बटण दाबून उलटसुद्धा करता येतं. मशीन फक्त रक्तकणांवरून परतलेल्या आवाजाचा सूर किती बदलला ते ऐकतं. हे तत्त्व ऑस्ट्रियाच्या क्रिस्टियान डॉपलरने 1842 मध्ये मांडलं, तेही ताऱ्यांच्या रंगांबद्दल लिहिताना. पायाच्या शिरा त्याच्या डोक्यातही नव्हत्या.

आता सेकंद. निरोगी माणसातही पोटरी सोडल्यावर रक्त क्षणभर मागे येतंच, कारण मागे येणाऱ्या रक्ताच्या दाबानेच झडप मिटते. म्हणून वरवरच्या शिरांसाठी अर्ध्या सेकंदाची मर्यादा ठरलेली आहे. तेवढ्यात प्रवाह थांबला तर झडप ठीक, त्याहून जास्त वेळ चालू राहिला तर त्याला रिफ्लक्स म्हणायचं. मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या खोल शिरांना एक पूर्ण सेकंद दिला जातो. तुमच्या उजव्या पायात पोटरी सोडल्यावर 3.2 सेकंद रक्त खाली येत राहिलं. याला काठावरचं म्हणता येणार नाही, हा सरळ बिघाड आहे. डाव्या पायात ते 0.3 सेकंदात थांबलं, म्हणजे तिथली झडप तिचं काम करते आहे. डावीकडचा आकडा ‘थोडासा रिफ्लक्स’ नाही. तो नॉर्मल आहे.

म्हणून दोन्ही पायांचं लेझर एकदम उरकायचा सल्ला मला पटलेला नाही. डाव्या पायातली ती शीर धड आहे, 0.3 सेकंदावर ती जाळायला काहीच आधार नाही. शिवाय पुढेमागे हृदयाची बायपास करायची वेळ आली तर सर्जन पायातली हीच लांब शीर काढून वापरतात, आणि धड असलेलीच वापरतात. ज्यांनी सांगितलं त्यांना विचारा, डावीकडे रिफ्लक्स नेमका कुठे आणि किती सापडला. दुसऱ्या एखाद्या शिरेत सापडला असेल तर त्यांनी तो कागदावर दाखवावा. नसेल तर डावा पाय सोडून द्या.

उजव्या बाजूची अक्षरं सोडवून सांगतो. जीएसव्ही म्हणजे घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीतून जांघेपर्यंत जाणारी कातडीखालची लांब शीर. जांघेत ती खोल शिरेला मिळते, त्या तोंडाला एसएफजे म्हणतात, आणि तिथे एक महत्त्वाची झडप असते. तुमची ती झडप मिटत नाही. वरचं दार उघडं राहिलं की रक्ताचा सगळा भार खालच्या झडपेवर येतो, शीर रुंदावते, रुंदावली की खालच्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींना पोहोचत नाहीत, मग तीही निकामी होते. असं एकेक करत बिघाड खाली उतरतो. पोटरीवर तुम्हाला दिसतात ते गुंते म्हणजे या शिरेच्या फांद्या, दाबाने फुगून वेड्यावाकड्या झालेल्या. मूळ दुखणं जांघेत आहे, ते दिसतं पोटरीवर. म्हणून नुसते गुंते काढून किंवा त्यात इंजेक्शन मारून घेतलं आणि वरची गळती तशीच ठेवली, तर ते पुन्हा उठण्याची शक्यता बरीच असते.

7.8 मिलिमीटर ही शिरेची रुंदी. मांडीत ही शीर साधारण तीन-चार मिलिमीटरची असते, त्यामुळे तुमची चांगलीच ताणलेली आहे. मात्र हा आकडा दिवसभरात थोडा हलतो. दुकानातून थेट संध्याकाळी तपासणीला गेलात तर जास्त, सकाळी उठून गेलात तर कमी. पुढच्या वेळी दुसऱ्या सेंटरवर 7.1 आला तर आजार बरा झाला असं समजू नका, आणि 8.3 आला तर वाढला म्हणून घाबरू नका.

परफोरेटर ही कातडीखालच्या आणि खोलवरच्या शिरांना जोडणारी आडवी शीर. तुमची 3 मिलिमीटरची आहे. तिच्यावर वेगळा इलाज करायचा तो सहसा ती साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल, तिच्यातून रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ बाहेर येत असेल, आणि ती जखमेच्या किंवा भरलेल्या जखमेच्या खाली असेल तर. तुम्हाला जखम नाही. हिच्याकडे आत्ता दुर्लक्ष केलेलं चालेल. मुख्य शिरेचा इलाज झाल्यावर अशा परफोरेटर पुष्कळदा आपोआप आवरतात.

आणि ज्या वाक्यावरून तुम्ही पटकन पुढे गेलात, ते या कागदावरचं सगळ्यात चांगलं वाक्य आहे: डीप व्हेन्स ठीक. पायातलं बहुतेक सगळं रक्त खोल शिरांतूनच वर जातं. त्या मोकळ्या आहेत आणि त्यांच्या झडपा शाबूत आहेत, म्हणून बिघडलेली वरवरची शीर बंद केली तरी पायाचं काही अडत नाही. उलट खाली येऊन घुटमळणारं रक्त कमी होतं. ‘शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून’ हे मला जवळपास प्रत्येक पेशंट विचारतो, आणि त्याचं उत्तर याच वाक्यात आहे. खोल शिरांत जुनी गुठळी किंवा मोठी गळती असती, तर निर्णय एवढा सोपा नसता.

आता काउंटर. स्थिर उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत 80 ते 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो, बीपी मोजतो त्याच मापात. हा दाब तुमच्यात आणि झडपा धड असलेल्या माणसात सारखाच असतो. फरक पडतो तो चालायला लागल्यावर. त्याचा दाब काही पावलांत तिसाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो, आणि थांबल्यावर शिरा पुन्हा भरायला वीस सेकंदांहून जास्त वेळ लागतो, कारण रक्त फक्त केशवाहिन्यांतून, हळूहळू झिरपत येतं. तुमच्यात दाब तेवढा उतरतच नाही. जो थोडा उतरतो तो थांबल्याबरोबर वरून आलेल्या रक्ताने काही सेकंदांत पुन्हा चढतो. म्हणजे गोदामातून तेलाचा डबा आणायला जाताना मिळालेली विश्रांती, काउंटरला येऊन उभं राहताच संपते.

घोट्याजवळची कातडी काळपट पडली ती या सततच्या दाबामुळे. बारीक केशवाहिन्यांतून लाल पेशी बाहेर पाझरतात, त्या फुटून त्यांच्यातलं लोह कातडीत साचतं. मी तुमचा पाय पाहिलेला नाही, पण तुम्ही लिहिलंय तसं असेल तर माझ्या लेखी 3.2 सेकंदांपेक्षा हा काळा डाग आणि ती खाज जास्त महत्त्वाची. खूप लोकांच्या पायांत रिफ्लक्स सापडतो आणि त्यांना आयुष्यात काही होत नाही. सेकंद जास्त म्हणजे दुखणं जास्त, असंही नसतं. पण कातडी बदलायला लागली की गोष्ट फक्त दिसण्याची राहत नाही. याच जागेवर पुढे जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही. आजार मोजायची जी सहा पायऱ्यांची पद्धत आहे, तिच्यात नुसत्या फुगलेल्या शिरा दुसऱ्या पायरीवर आणि असा काळपट, खाजरा डाग चौथ्या पायरीवर येतो. पाचवी आणि सहावी जखमेची. म्हणून उजव्या पायाचा इलाज करून घ्या असंच मी सांगेन. धावपळ करून याच आठवड्यात नको, पण दोन-तीन वर्षं ढकलूही नका. तोवर खाजवू नका, झंडू-बिंडू बाम किंवा चुना-हळद लावू नका. आंघोळीनंतर साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल पुरे. लाल होऊन पाणी सुटायला लागलं तर मात्र दाखवा.

इलाज कोणता? ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2013 मध्ये जो क्रम सांगितला, तो असा: मुख्य शिरेत खरी गळती असेल तर आधी उष्णतेने शीर बंद करणं, म्हणजे लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी. ते जमत नसेल तर फोमचं इंजेक्शन. तेही जमत नसेल तर जुनं ऑपरेशन. लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सी यांतलं कोणतं, यावर डोकं शिणवू नका. तुमच्या सर्जनचा हात ज्यावर बसलाय ते घ्या. गुडघ्याजवळ सुई टोचून बारीक तार शिरेत घालतात, सोनोग्राफीवर बघत ती जांघेतल्या तोंडाच्या सुमारे दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवतात, शिरेभोवती भूल देणारं पाणी भरतात आणि आतून शीर शेकत तार बाहेर घेतात. त्याच दिवशी चालायला लावतात. माझा आग्रह एकच: सर्जनने त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी तुम्हाला स्वतः उभं करून प्रोब लावावा. केवळ दुसऱ्याच्या कागदावरून शीर जाळायला घेणाऱ्याकडे मी माझ्या माणसाला पाठवणार नाही.

तारीख मिळेपर्यंत दाबाचे मोजे वापरता येतात, पण थांबा. तुम्ही तंबाखू खाता. पायाच्या रोहिण्या, म्हणजे रक्त खाली आणणाऱ्या नळ्या, अरुंद झाल्या असतील तर घट्ट मोजा पायाचं नुकसान करतो. चालताना ठरावीक अंतरावर पोटरी आखडते आणि थांबलं की मोकळी होते, असं होतं का? तसं असेल तर ते दुखणं या शिरांचं नाहीच. डॉक्टरांकडून पावलातल्या नाड्या तपासून घ्या, घोट्याचा आणि दंडाचा बीपी ताडून बघायला सांगा, आणि साखर तपासली नसेल तर तीही तपासा. हे ठीक निघालं तर गुडघ्यापर्यंतचा, क्लास दोनचा मोजा घ्या, ज्यावर दाब 23 ते 32 एमएमएचजी, म्हणजे मिलिमीटर पारा, असा लिहिलेला असतो. माप सकाळी, सूज चढायच्या आत, घोट्याच्या सगळ्यात बारीक जागी आणि पोटरीच्या सगळ्यात जाड जागी द्यायचं. अंदाजाने ‘एल’ किंवा ‘एक्सएल’ मागू नका. सकाळी बिछान्यातून उतरायच्या आधी चढवायचा, रात्री झोपताना काढायचा. वरची कड दुमडून ठेवलीत तर तिथे आवळपट्टी बसल्यासारखं होतं, त्यापेक्षा न घातलेला बरा. बार्शीच्या एप्रिल-मे महिन्यांत तो दिवसभर सोसत नाही, हे मला माहीत आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना आडवं होता येत असेल तर तेवढा वेळ काढा. मोजा झडप दुरुस्त करत नाही, तो अंगावर आहे तोवरच उपयोगी.

अॅम्लोडिपिनबद्दल तुमच्या बीपीच्या डॉक्टरांशी बोला. या गोळीने काही जणांच्या घोट्यांना सूज येते, ती सहसा दोन्ही पायांना सारखी येते. तुमचा डावा पायही संध्याकाळी सुजत असेल, तर ती सूज शिरेची नसून गोळीची असू शकते, आणि ती लेझरने जाणार नाही. गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

दुकान सोपवायची गरज नाही. उभं राहण्याने आजार वाढतो, पण झडपा कमजोर असणं पुष्कळदा घराण्यातून येतं. वडिलांना किंवा आईला असे गुंते होते का, आठवून बघा. तुम्हाला बदलायचंय ते स्थिर उभं राहणं. काउंटरमागे उंच स्टूल ठेवा, वजन करताना आणि पैसे मोजताना टेकून बसा. उभं असताना टाचा वर-खाली करा, एका दमात पंधरा-वीस वेळा, दर थोड्या वेळाने. पोटरी आवळेल तेवढंच रक्त वर जाईल. वरच्या फळीवरचा माल काढायला दरवेळी पोऱ्याला पाठवू नका, स्वतः जा. रात्री घरी गेल्यावर अर्धा तास पाय छातीच्या पातळीहून वर ठेवून पडा. खुर्चीत बसून पाय स्टुलावर टाकणं त्याच्या निम्मंही काम करत नाही.

दोन-तीन गोष्टी घरच्यांना आणि दुकानातल्या पोऱ्यालाही सांगून ठेवा. पोत्याची कड किंवा डब्याचा पत्रा लागून फुगलेली शीर फुटली, तर रक्त घाबरवून टाकेल इतकं येतं. अशा वेळी माणसाला खुर्चीत बसवून पाण्याचा पेला देतात, आणि रक्त वाहतच राहतं. तिथेच जमिनीवर आडवं व्हायचं, पाय गोणीवर उंच टेकवायचा आणि स्वच्छ फडकं जागेवर घट्ट दाबून धरायचं, निदान दहा मिनिटं, मध्ये उचलून न बघता. वरच्या बाजूला दोरी बांधायची नाही. थांबलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. एखादी शीर दोरीसारखी कडक, लाल आणि दुखरी झाली, तर दोन दिवसांच्या आत पुन्हा सोनोग्राफी करून घ्या, आणि कडकपणा मांडीवर चढत असेल तर त्याच दिवशी. एकच पाय अचानक सुजून पोटरी ठणकली, किंवा त्यासोबत दम लागला, छातीत दुखलं, तर सोलापूरला किंवा जवळ जिथे सोय असेल तिथे ताबडतोब निघा. तेव्हा पहिल्यासारखी, झोपवून करायची तपासणीच लागेल.

सर्जनकडे जाताना दोन्ही रिपोर्ट सोबत न्या, आणि जमलं तर दुकान बंद झाल्यावरची संध्याकाळची वेळ घ्या.